अर्ध्या ग्लासातच चेहरा लाल का होतो?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. मी मूळची नाशिकची, लग्न झाल्यापासून टोकियोत राहते. नवरा जपानी आहे, वय ४१. अर्धा ग्लास बिअर पोटात गेली की पंधरा मिनिटांत त्याचा चेहरा, कान, मान लालबुंद होते, छातीत धडधडतं, डोकं दुखतं, मळमळतं. तरी ऑफिसच्या पार्ट्यांना जावंच लागतं म्हणतो, आणि तिथे एक बिअर न् दोन हायबॉल होतातच. कॉलेजात असताना याहून जास्त त्रास व्हायचा, सवयीने आता कमी झालाय, असं त्याचं म्हणणं. हल्ली पार्टीच्या आधी ॲसिडिटीची गोळी घेतो, तिने चेहरा लाल होत नाही. ही ॲलर्जी आहे का? गोळी घेतलेली चालेल का? आमच्या मुलीलाही हे येईल का? आणखी एक. माझा नाशिकचा भाऊ गेल्या दोन-तीन महिन्यांपासून वाइन घेतली की असाच लाल होतो. त्यालाही हेच असेल का?
— अ., टोकियो

उत्तर: ही ॲलर्जी नाही, आणि पचनशक्ती कमी असल्याचाही हा प्रकार नाही. तुम्ही लिहिलेल्या खुणा पाहता तुमच्या यजमानांच्या शरीरातलं एक एन्झाइम जन्मापासूनच अपुरं काम करत असणार, आणि ते आयुष्यभर तसंच राहणार. सवयीने त्रास कमी झालाय असं ते म्हणतात, तीच मला तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट वाटते. गोळीचं आधीच सांगून टाकतो: पार्टीसाठी म्हणून ती घेणं आजच थांबवायला सांगा. का, ते पुढे येईलच.

प्यायलेली दारू शरीर मुख्यतः यकृतात मोडतं, आणि तेही दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे एन्झाइम अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड करतं. हा पदार्थ मूळ दारूपेक्षा कितीतरी विषारी. दुसऱ्या टप्प्यात ॲल्डिहाइड डिहायड्रोजनेज-२, ज्याला डॉक्टर मंडळी थोडक्यात एएलडीएच-२ म्हणतात, ते या ॲसिटाल्डिहाइडचं ॲसिटेट करतं. ॲसिटेट निरुपद्रवी आहे. शरीर ते इंधनासारखं वापरून टाकतं. बहुतेक माणसांत हा दुसरा टप्पा इतक्या झपाट्याने उरकतो की बेताने प्यायल्यावर रक्तात ॲसिटाल्डिहाइड जेमतेम सापडतं.

यजमानांचं अडतं ते या दुसऱ्या टप्प्यावर. पहिलं एन्झाइम आपलं काम चोख करतं, ॲसिटाल्डिहाइड तयार होत राहतं, पण पुढे त्याचा निचरा होत नाही. ते रक्तात साठतं. त्याने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात आणि काही पेशींतून हिस्टामिन बाहेर पडून त्यात भर घालतं, म्हणून चेहरा, कान, मान लाल आणि गरम होतात. रक्तवाहिन्या सैलावल्यावर हृदयाला जोरात धावावं लागतं, ती धडधड. मळमळ आणि डोकेदुखी त्याच्या मागोमाग येतात. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत सुरू होतं, कारण तेवढ्या वेळात दारूचा पहिला भाग यकृतातून गेलेला असतो.

पूर्व आशियात हा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर आहे. जपानमध्ये दहांतल्या साधारण चौघांत तो कमीअधिक असतो. चीन, कोरिया, तैवान इथेही तो सर्रास दिसतो. जगभरातली अशी माणसं मोजली तर संख्या पन्नास कोटींच्या पुढे जाते. १९७२ साली पीटर वुल्फ या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिलं की जपान, कोरिया आणि तैवानच्या मोठ्या माणसांतच नव्हे, तान्ह्या बाळांतही दारूच्या अगदी थोड्या अंशाने चेहरा लाल होतो. म्हणजे सवय, आहार, वातावरण यांचा संबंध नाही, हे तिथेच स्पष्ट झालं. मग १९७९ ते १९८१ या काळात जर्मनीत हॅम्बुर्गला काम करणाऱ्या गेडं, हारादा आणि अगरवाल या तिघांनी नेमकं एएलडीएच-२ कमी पडतं, हे शोधून काढलं. त्यासाठी त्यांनी केसांच्या मुळांतल्या पेशीही तपासल्या. यकृताचा तुकडा न काढता एन्झाइम बघायची ती एक सोपी वाट होती.

दोष अगदी छोटा आहे. बाराव्या गुणसूत्रावरच्या या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं, आणि त्यामुळे एन्झाइमच्या लांबलचक साखळीत एका जागी ग्लुटामेटऐवजी लायसिन बसतं. बस्स, एवढंच. पण त्याचा परिणाम एवढा मोठा का होतो, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण तुमच्या यजमानांची सगळी गोष्ट त्यातच आहे.

हे एन्झाइम एकट्याने काम करत नाही. चार सारखे भाग एकत्र आले की त्याचा एक कामाचा गट बनतो. आपल्याला हे जनुक आईकडून एक आणि वडिलांकडून एक असं दोनदा मिळतं. यजमानांना त्यातलं एक चांगलं आणि एक सदोष मिळालं असावं. म्हणजे त्यांच्या पेशीत निम्मे भाग चांगले आणि निम्मे सदोष तयार होतात. कुणालाही वाटेल, मग निम्मं काम तर होत असेल. तसं होत नाही. चौघांच्या खांद्यावरच्या पालखीत एकाचा पाय लचकला तर उरलेल्या तिघांचीही चाल बिघडते, तसा एक सदोष भाग गटात आला की शेजारच्या चांगल्या भागांचंही काम मंदावतं. आता हिशोब बघा. चारही जागी चांगलाच भाग येण्याची शक्यता सोळात एक. उरलेल्या पंधरा गटांत कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन, तर कुठे चारही भाग सदोष असतात. त्यातच असे गट पेशीत लवकर मोडीत निघतात. एक सदोष प्रत असलेल्या माणसाचं एन्झाइम त्यामुळे निम्म्यापेक्षा बरंच कमी काम करतं. दोन्ही प्रती सदोष असतील, तर जवळजवळ शून्य.

या दोन गटांतला फरक मनात पक्का ठेवा. दोन्ही प्रती सदोष असलेल्या माणसाला दोन घोटांतच इतकं असह्य होतं की तो पुन्हा ग्लास हातात घेत नाही. जपानीत अशा न पिणाऱ्यांना गेको म्हणतात. दारूमुळे होणारे आजार त्याच्या वाट्याला फारसे येतच नाहीत, कारण दारूच जात नाही. एक प्रत सदोष असलेल्याचं तसं नाही. त्याला त्रास होतो, पण सोसता येण्याइतका. तो रेटू शकतो. आणि आजूबाजूचे "पी रे, सवय होईल" म्हणत असतील, तर तो रेटतोच. यजमान एका बैठकीत तीन ग्लास रिचवू शकतात, यावरूनच ते या दुसऱ्या गटात असणार असं मी धरून चाललोय. दोन्ही प्रती सदोष असत्या तर हे त्यांना जमलंच नसतं.

आता त्यांची एक संध्याकाळ मोजून बघू. ३५० मिलिलिटर बिअर, पाच टक्क्यांची, म्हणजे साधारण १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. हायबॉलमध्ये ३० मिलिलिटर व्हिस्की धरली तर एका ग्लासात दहा ग्रॅमच्या आसपास, दोनांत वीस. एकूण झाले ३४ ग्रॅम. धडधाकट पुरुषाचं यकृत तासाला ढोबळमानाने सात-आठ ग्रॅम मोडतं, म्हणजे साध्या माणसालाही हे निस्तरायला साडेचार तास हवेत. एक प्रत सदोष असेल तर पहिला टप्पाही थोडा तुंबतो आणि वेळ आणखी लांबतो. संध्याकाळी सातला पहिला घोट घेतला, तर मध्यरात्र उलटेपर्यंत त्यांच्या रक्तात आणि लाळेत ॲसिटाल्डिहाइड फिरत असतं. किती? अगदी थोड्या दारूवर केलेल्या मोजणीतही एक प्रत सदोष असलेल्यांच्या रक्तात ते इतरांच्या पाच-सहा पट आढळलं आहे, आणि दोन्ही प्रती सदोष असलेल्यांत अठरा पटींच्या आसपास. चेहऱ्याची लाली दीड-दोन तासांत उतरली म्हणून ते संपलं, असं नाही.

आणि हे ॲसिटाल्डिहाइड नुसतं त्रास देऊन जात नाही. ते पेशीतल्या डीएनएला चिकटतं आणि त्यात बिघाड करतं. दारूबरोबर शरीरात येणारं आणि तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली दिला आणि त्याला पहिल्या गटात टाकलं. तंबाखू त्याच गटात आहे. सगळ्यात जास्त मार बसतो तो अन्ननलिकेला. तिच्या आतल्या अस्तरात हे विष मोडायची ताकद मुळातच कमी, वरून ॲसिटाल्डिहाइडने भरलेली लाळ घोटाघोटाने तिथूनच खाली उतरते. तोंडातले जीवाणूही अल्कोहोलपासून थोडं ॲसिटाल्डिहाइड बनवतात, त्याची भर वेगळीच. म्हणून एक सदोष प्रत घेऊन नियमित पिणाऱ्या माणसात अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका, तेवढीच दारू पिणाऱ्या इतर माणसापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. सिगारेटही ओढत असतील तर आणखी वाढतो, कारण सिगारेटच्या धुरातही ॲसिटाल्डिहाइड असतं. त्यांच्या सिगारेटबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. ओढत असतील, तर पहिली ती सुटायला हवी.

आता सवयीबद्दल. नियमित पिणाऱ्याच्या यकृतात दारू मोडणारी दुसरी एक यंत्रणा जोर धरते आणि शरीर त्रासालाही थोडंफार सरावतं. लाली फिकी होते, धडधड कमी जाणवते. पण ती दुसरी यंत्रणाही दारूचं ॲसिटाल्डिहाइडच बनवते. पुढचा निचरा करणारं एएलडीएच-२ जसंच्या तसं अपुरं असतं, ते सवयीने वाढत नाही. म्हणजे सहन करायची ताकद वाढली, विष तेवढंच राहिलं, आणि पोटात जाणारी दारू मात्र वाढली. जपानमधल्या कुरिहामा इथल्या व्यसनोपचार केंद्रातल्या डॉक्टरांनी हे फार बारकाईने अभ्यासलं. तिथल्या अकिरा योकोयामा यांनी रुग्णांना विचारायचे दोन साधे प्रश्न रूढ केले. पहिला, साधारण १८० मिलिलिटरचा एक ग्लास बिअर घेतल्यावर लगेच चेहरा लाल होतो का? दुसरा, प्यायला सुरुवात केली तेव्हाच्या पहिल्या एक-दोन वर्षांत तसं व्हायचं का? दोहोंपैकी एकाचंही उत्तर हो आलं, तर एएलडीएच-२ अपुरं आहे असं धरायचं. जपानी पुरुषांत एवढ्यावरून दहांपैकी साधारण नऊ वेळा बरोबर ओळख पटते. दुसरा प्रश्न मुद्दाम आहे. "पूर्वी व्हायचं, आता होत नाही" म्हणणारे त्याशिवाय हातातून निसटले असते, आणि धोका त्यांनाच जास्त असतो.

समाजाचा रेटा या जन्मजात अडसरावर कशी मात करतो, याचेही आकडे जपानमधलेच आहेत. तिथल्या दारूच्या व्यसनी रुग्णांत एक सदोष प्रत असलेले १९७९ साली जेमतेम अडीच टक्के होते. १९८६ मध्ये ते आठ टक्के झाले, १९९२ मध्ये तेरा. तेरा वर्षांत लोकांची जनुकं बदलत नाहीत. बदलल्या त्या पार्ट्या, ऑफिसातली पद्धत आणि वरिष्ठांसमोर नाही म्हणता न येणं. ज्यांचं शरीर पहिल्या ग्लासालाच नको म्हणत होतं, त्यांनाही पिण्यात ओढलं गेलं. हे आकडे वाचले की मला वाईट वाटतं, कारण त्यातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ते पहिल्याच दिवशी दिसलेलं होतं.

गोळीचं गणित आता सोपं होईल. पित्तासाठीच्या फॅमोटिडीनसारख्या गोळ्या हिस्टामिनचा एक मार्ग अडवतात, म्हणून लाली कमी दिसते. काही जण सर्दीच्या ॲलर्जीच्या गोळ्याही याच कामी घेतात, त्याने तर दारूची गुंगीही वाढते. पण दोन्हींपैकी एकही गोळी ॲसिटाल्डिहाइडच्या एका कणाचाही निचरा करत नाही. फक्त थांबायची खूण पुसली जाते. लाल न होणारा माणूस दुसरा ग्लास घेतो, मग तिसरा. पत्रात तुम्ही "हल्ली" गोळी घेतो असं लिहिलंय. हल्लीच हायबॉल एकाचे दोन झालेत का, हे त्यांना शांतपणे विचारा. पित्ताचा खरंच त्रास असेल तर गोळी जरूर घ्यावी, पण डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि त्या दिवशी ग्लासाला हात न लावता. बाजारात "लाली घालवणाऱ्या" पुड्या आणि पॅचही विकतात. एएलडीएच-२ दुरुस्त करणारं औषध आज बाजारात नाही, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे पुरे.

खात्री करून घ्यायची असेल तर गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन जनुक तपासता येतं. जपानमध्ये ही तपासणी सहज होते. घरच्या घरी पॅच चाचणीही करतात. मलमपट्टीच्या गादीवर ७० टक्क्यांच्या आसपासच्या साध्या जंतुनाशक अल्कोहोलचे दोन-तीन थेंब टाकायचे, पट्टी दंडाच्या आतल्या बाजूला सात मिनिटं लावायची, मग काढून तिथली कातडी बघायची आणि दहा मिनिटांनी पुन्हा बघायची. काढल्या काढल्याच गादीखालची जागा लाल दिसली तर दोन्ही प्रती सदोष असण्याची शक्यता. दहा मिनिटांनी लाल झाली तर एक. हात धुवायचं सुगंधी सॅनिटायझर वापरू नका, त्यातल्या इतर घटकांनी कातडी लाल होऊ शकते. चिकटपट्टीच्या कडेची लाली मोजायची नाही, फक्त गादीच्या चौकोनाखालची बघायची. वय वाढलं की ही चाचणी चुकते, आणि योकोयामांच्या दोन प्रश्नांइतका तिच्यावर माझा भरवसा नाही. यजमानांच्या बाबतीत ते दोन प्रश्न पुरेसे आहेत.

मग करायचं काय? माझं स्पष्ट मत विचाराल तर त्यांनी पिणं पूर्ण सोडावं. इतरांसाठी बेताची म्हणून जी मर्यादा सांगतात ती त्यांना लागू पडत नाही. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पिण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही लाल होणाऱ्या प्रकृतीच्या माणसांचा वेगळा उल्लेख आहे. तो कागद ऑफिसात दाखवायला उपयोगी पडेल. पार्टीला जाऊ नये असं मी म्हणत नाही. तिथे उलाँग चहा मागवला तर तो रंगाने हायबॉलच्या ग्लासात खपून जातो, आणि ०.०० टक्के लिहिलेली बिअरही आता सगळीकडे मिळते. "ताइशित्सुमुळे पिऊ शकत नाही", म्हणजे शरीराचा धर्मच तसा आहे, हे वाक्य जपानी माणसाला लगेच पटतं, त्यावर फारसे प्रश्न येत नाहीत. दारूसाठी जबरदस्ती करण्याला तिथे अरुहारा म्हणतात आणि तो छळाचाच प्रकार मानला जातो. लगेच पूर्ण सोडणं त्यांना जमत नसेल, तर निदान नुसती व्हिस्की, शोचू असं कडक काही घशाखाली घालू नये, आणि पहिल्या लालीला ग्लास खाली ठेवावा.

दुसरं काम तपासणीचं. कंपनीतर्फे वर्षाला जी निंगेन डॉक्कु, म्हणजे संपूर्ण शरीराची तपासणी होते, तिच्यात पोटासाठी बेरियम पिऊन एक्स-रे किंवा कॅमेरा, असा पर्याय असतो. यजमानांनी कॅमेराच घ्यावा. अन्ननलिकेच्या अस्तरातला सुरुवातीचा बदल सपाट असतो, तो एक्स-रेत सहसा दिसत नाही. आणि कॅमेरा आत जायच्या आधीच डॉक्टरांना सांगावं, "मी थोड्या बिअरनेही लाल होतो आणि बरीच वर्षं पितोय, अन्ननलिका नीट बघा." एवढं एक वाक्य फार फरक करतं, नाहीतर कॅमेरा अन्ननलिकेतून भर्रकन पोटात उतरतो. डॉक्टर खास निळसर प्रकाशाखाली अस्तर बघतील. शंका आली तर आयोडीनचा फवारा मारतील. निरोगी अस्तर आयोडीनने तपकिरी होतं, बिघडलेला ठिपका फिकाच राहतो. या फवाऱ्याने छातीत थोडा वेळ जळजळतं, आणि आयोडीनची ॲलर्जी किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर आधी सांगावं लागतं. बदल या पायरीवर सापडला तर बहुतेकदा दुर्बिणीतूनच तेवढा भाग सोलून काढता येतो, छाती उघडावी लागत नाही. गरम चहा किंवा आंबट रस गिळताना छातीच्या मधोमध झोंबणं, घास अडकल्यासारखं वाटणं, यातलं काही सुरू झालं असेल तर वार्षिक तपासणीची वाट न बघता आठवडाभरात दाखवा.

मुलीचं सांगतो. सदोष जनुक आपल्याकडच्या मराठी माणसांत अतिशय विरळ आहे, त्यामुळे तुमच्या दोन्ही प्रती चांगल्या असणार असं धरायला हरकत नाही. यजमानांची एक चांगली, एक सदोष. तुमच्याकडून मुलीला चांगलीच प्रत मिळालीय. वडिलांकडून सदोष मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे तिला दोन्ही प्रती सदोष असण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही, पण वडिलांसारखी अवस्था असण्याची शक्यता पन्नास टक्के आहे. रोजच्या आयुष्यात तिला याचा काही त्रास होणार नाही. दारू नसली तर या दोषाची जाणीवही होत नाही. आता तिला सुया टोचून तपासायची गरज नाही. तिथल्या काही विद्यापीठांत नव्या मुलांची पॅच चाचणी करतात. ती मोठी झाली की तिला हे सगळं उघड सांगा, म्हणजे कुणी सवयीची भाषा करेल तेव्हा तिला तिचं उत्तर माहीत असेल.

भावाची गोष्ट वेगळी आहे, आणि तीही तितकीच गंभीरपणे घ्या. एएलडीएच-२ चा जन्मदोष पहिल्या ग्लासापासून दिसतो, चाळिशीत अचानक उगवत नाही. तुमचा भाऊ पूर्वी व्यवस्थित वाइन घेत असेल आणि दोन-तीन महिन्यांतच लाल व्हायला लागला असेल, तर आधी त्या काळात सुरू झालेली औषधं शोधा. बुरशीजन्य त्वचारोगासाठी लांब मुदतीने देतात ती ग्रिसिओफल्विन, मधुमेहाची काही जुन्या पिढीतली औषधं, सेफोपेराझोनसारखी काही अँटिबायोटिक इंजेक्शनं, यांच्यामुळे दारूबरोबर असाच चेहरा पेटतो. मेट्रोनिडाझोलच्या वेष्टनावरही दारू टाळायची सूचना असते. कातडीचा रोझेशिया नावाचा विकार असेल तर गाल-नाक आधीपासूनच लालसर असतात, वाइनने ते भडकतात. पित्ताच्या गांध्या उठत असतील, ओठ सुजत असतील किंवा दम लागत असेल, तर ती वाइनमधल्या एखाद्या घटकाची खरी ॲलर्जी असू शकते, मग ग्लास तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा.

आणि एक गोष्ट विचारायला अवघड आहे, पण विचाराच. घरात कुणी भावाला न सांगता दारू सोडवायचं औषध तर देत नाही ना? डायसल्फिरम हे औषध नेमकं याच एन्झाइमला बंद पाडतं. १९४८ साली डेन्मार्कमधल्या हाल्ड आणि याकोबसेन यांनी ते दारूच्या उपचारासाठी पुढे आणलं, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन ते आजही उपयोगी पडतं. निरोगी माणसाला ते तुमच्या यजमानांच्याही पुढच्या अवस्थेत नेऊन ठेवतं. आपल्याकडे मात्र "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिरातींना भुलून वरणात, चहात गोळ्यांची पूड मिसळली जाते. माझ्याकडे असे एक गृहस्थ आले होते. चेहरा पेटलेला, नाडी १३० च्या वर, रक्तदाब इतका खाली की उभं राहता येईना. त्यांना वाटत होतं हार्ट ॲटॅक आलाय. बायको दाराशी रडत उभी होती, बराच वेळ विचारल्यावर तिने पुडी दाखवली. तिचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण हृदयाचा आजार असलेल्या माणसाचा यात जीव जाऊ शकतो, आणि शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम टिकतो, त्यामुळे आज गोळी दिली नाही म्हणून आज धोका नाही, असं होत नाही.

भावाला सांगा, गेल्या तीन महिन्यांतली सगळी औषधं, आयुर्वेदिक काढे, जिमची पावडर, त्वचेची मलमं, सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यायचं. काही मलमांतल्या औषधानेही दारूवर चेहरा लाल होतो, आणि मलम हे औषध आहे असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. कारण सापडेपर्यंत वाइन बंद. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा श्वास लागला, तर पिशवी तिथेच टाकून आधी इस्पितळात जायचं.